दारापाशी थांबणारं पाणी

तिला घरात सगळे निम्मी म्हणत. लहानपणी कोणी लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं ते, तिनं स्वतः कमावलं होतं. दुकानदाराने कुठलाही भाव सांगितला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "निम्म्यात द्या." मग ते चादरीचे गठ्ठे असोत, भिंतीचा रंग असो की कपाटाची किल्ली बनवणं असो. समोरचा माणूस हसायचा, चिडायचा, कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि शेवटी अर्ध्यावर नाही तरी अर्ध्याच्या आसपास येऊन हात टेकायचा. भाचरं तिला निम्मीमावशी म्हणायची, नवरा नुसतं "निम्मे" म्हणून हाक मारायचा, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट मान जरा ताठच व्हायची.

नोकरीही तशीच मिळालेली. मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाच्या भांडाराची ती प्रमुख होती. गाद्या, पातेली, बाकं, बादल्या, सगळी खरेदी तिच्या हातून व्हायची. तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेला व्यापारी घाम पुसतच उठायचा म्हणे. निवृत्त झाली त्या दिवशी एका गादीवाल्याने भाषण केलं, की बाईंनी आयुष्यभर आम्हाला रडवलं पण बिल कधी अडकवलं नाही. लोक हसले, टाळ्या वाजल्या. तिनं ते वाक्य जपून ठेवलं. आता माणसाला अभिमान असावा, त्यात काय वाईट? पण अभिमानाची एक खोड असते, तो सगळीकडे बरोबर येतो. बाथरूममध्येसुद्धा.

नवरा पडला तो बाथरूमच्या दारात.

सकाळची वेळ होती. ती स्वयंपाकघरात होती, आणि आवाज असा आला की हातातली वाटी तिनं कुठे ठेवली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. तो आडवा पडलेला, एक पाय वाकडा, चेहरा पांढराफटक, आणि अशा अवस्थेतही म्हणतोय, "काही नाही गं, जरा घसरलो." खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली. सर्जनने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बरे होतील. वॉकर घेऊन चालतील, पुढे काठीवरही येतील. पण पुन्हा पडले तर मात्र माझ्याकडून फारशी आशा ठेवू नका. घरात काय बदल करायचे ते आधी करा, मग त्यांना न्या."

म्हणून तो दवाखान्यातून घरी आलाच नाही, लेकीकडे गेला. लेकीचं घर तळमजल्यावर, बाथरूम मोठी. लेक गुणाची, जावई त्याहून. जावईच त्याला अंघोळ घालायचा. स्टुलावर बसवायचा, पाठ चोळायचा, गप्पा मारत मारत, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि त्यामुळेच त्याला जास्त अवघडायचं. जो माणूस आयुष्यभर बंद दाराआड बेसूर गाणी म्हणत अंघोळ करायचा, तो आता मान खाली घालून बसायचा. गाणं तर गेलंच, हळूहळू बोलणंही गेलं. जेवण निम्म्यावर आलं. व्यायामाला बाई यायची, तिला म्हणायचा, उद्या करू.

एके दुपारी निम्मी त्याच्याजवळ बसली होती. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मला दुसरं काही नको. माझ्या घरात, माझ्या हाताने, दार लावून अंघोळ करता आली पाहिजे. नाहीतर मग मला काही सांगू नका, व्यायाम कर आणि औषध घे."

"महिन्याभरात नेते तुम्हाला," ती म्हणाली. "शब्द आहे माझा."

शब्द दिला खरा, पण पैसे मोजकेच होते. ऑपरेशनने बरेचसे खाल्ले होते. लेक म्हणाली, "आई, आम्ही घालतो ना." पण लेकीचं स्वतःच्या घराचं कर्ज अजून फिटायचं होतं, आणि निम्मीला ते माहीत होतं. तिनं हातानेच नको म्हटलं. जे आहे त्यातच बसवायचं. भाव पाडायचा तर आपल्याहून तरबेज कोण आहे?

तिनं रीतसर सुरुवात केली. पहिल्यांदा गेली ती काचेचं दार असलेल्या एका ऑफिसात. तिथली डिझायनर मुलगी गोड बोलायची. तिनं संगणकावर चित्रं दाखवली, त्यात बाथरूम अशी चकचकीत की आत शिरायची भीती वाटावी. छताला लपवलेले दिवे, भिंतभर आरसा, पाण्याचं भांडंच न वाटावं असं बेसिन. कोटेशन आलं ते पाहून निम्मीनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच होता. "निम्म्यात द्या," म्हणायचीसुद्धा इच्छा झाली नाही, कारण निम्मंही तिच्या आवाक्याबाहेर होतं.

दुसरा आला तो एक हसरा ठेकेदार. चार इमारती सोडून पलीकडे त्याचं काम चालू होतं. बाथरूमच्या दारात उभं राहून त्यानं आत एक नजर टाकली, टेपसुद्धा काढला नाही, आणि एका कागदाच्या पाठीमागे एकच आकडा लिहून दिला. सगळं मिळून. डिझायनरच्या एक तृतीयांश. निम्मीचे डोळे चमकले. खुर्चीत सावरून बसली आणि म्हणाली तेच, जे ती आयुष्यभर म्हणत आली होती. तो हसला, मान हलवली, जायला उठला, पुन्हा बसला. चहा झाला. तिनं दुसऱ्या कामाचं आमिष दाखवलं, शेजारणीला तुमचं नाव सांगते म्हणाली, ॲडव्हान्स रोख देते म्हणाली. शेवटी तो जिथे आला तो भाव ऐकून भांडारातल्या दिवसांसारखं तिचं अंग हलकं झालं. तिच्या जवळच्या पैशांत आता बाथरूम होऊन स्वयंपाकघराचा ओटाही नवा करता आला असता. "उद्या ॲडव्हान्स घेऊन जा," तिनं सांगितलं, आणि त्याची पाठ वळताच बहिणीला फोन लावला. "अगं, किती सांगितलं होतं त्यानं, आणि किती केलं मी, ओळख बघू!"

जिन्यात खालच्या मजल्यावरची शिक्षिका भेटली. जुनी शेजारीण, शांत बाई. तिच्या बाथरूमच्या छताला कित्येक वर्षं ओलीचा डाग होता. दर दोन-तीन वर्षांनी ती त्यावर रंग मारून घ्यायची, आणि कधी तोंड वाकडं करायची नाही. निम्मीनं तिला ठेकेदाराचा भाव मोठ्या तोऱ्यात सांगितला. शिक्षिका ऐकून घेऊन म्हणाली, "चांगलंच झालं. पण ताई, आमच्या शाळेची न्हाणीघरं ज्यानं केली तो मिस्त्री एकदा बघून जाऊ दे. नुसतं बघायला काय जातंय? माझ्या डोक्यावरचाही प्रश्न आहे हो तो."

ते शेवटचं वाक्य तिनं हसत म्हटलं, पण निम्मीला नाही म्हणवेना.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जाडा, दम लागणारा, कपाळावर सदा आठी. बोलायला मुळीच गोड नाही. त्यानं बाथरूममध्ये जाऊन एक बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. पाणी जाळीकडे जायला हवं होतं. थोडं गेलंही. उरलेलं रेंगाळत रेंगाळत दारापाशी आलं आणि तिथे थांबलं.

"हे नेहमी असंच होतं का?" त्यानं विचारलं.

"हो," निम्मी म्हणाली. "जुनं घर आहे. मी फडकं ठेवते ना दाराशी. पुसून घेतो आम्ही."

"किती वर्षं पुसताय?"

तिनं मनात वर्षं मोजली. बाथरूम नवी केली होती तेव्हापासूनच. लेक तेव्हा शाळेत होती.

"भाव किती लागेल ते सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्याचा आलाय माझ्याकडे. तो आज ॲडव्हान्स न्यायला यायचाय."

"फोडून बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही," मिस्त्री म्हणाला. "दारापाशची एक फरशी काढतो. परवानगी असेल तर. नसेल तर जातो, माझी काही हरकत नाही."

असा उद्धट माणूस! तिच्या भांडारात आला असता तर पाच मिनिटांत बाहेर काढला असता. पण फरशी तशीही फुटायचीच होती. तिनं मान हलवली. त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली, गुडघे टेकले, आणि चार घावांत दाराशेजारची फरशी उचकटली. खालून ओला, कुबट वास आला. सिमेंटचा मसाला हाताने भुगा व्हावा इतका भुसभुशीत. त्यानं तो खरवडून बाजूला केला, आणि खाली आणखी एक फरशी दिसली.

करड्या रंगाची, बारीक काळे ठिपके असलेली.

निम्मी ती ओळखत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बाथरूममध्ये हीच फरशी होती. हिचाच तिला कंटाळा आला होता. हीच फोडून, उपसून, खालून वॉटरप्रूफिंग करून नवी बसवायची म्हणून तिनं तेव्हाच्या ठेकेदाराशी आठवडाभर भांडून भाव अर्ध्यावर आणला होता, आणि सगळ्या नातेवाइकांना तो किस्सा सांगितला होता. किती वेळा सांगितला होता! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात.

"फोडलीच नाही त्यानं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"वरून चिकटवली." मिस्त्रीनं पातळी बघायची लेव्हलची बाटली वरच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा जाळीकडे, म्हणजे उंच बाजूला सरकला. "फरशीवर फरशी बसवतात, त्यात चूक नाही. खालची पक्की असेल, ढाळ म्हणजे पाण्याचा उतार सांभाळला, तर चालतं. यानं घाई केली. जाळीपाशी मसाला जास्त पडला, दारापाशी कमी. त्यात अख्खी जमीन वर आली, म्हणजे उंबऱ्याची उंचीच उरली नाही. पाणी दाराकडे येणार नाही तर जाणार कुठे? आणि वॉटरप्रूफिंग तर नाहीच. खालच्या बाईंचं छत म्हणून ओलं." मग त्यानं मान वर करून पाहिलं. "कोणी पडलं का इथे?"

निम्मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मिस्त्री घाबरला, पाणी आणू का म्हणाला. ती नको म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा तो वाकडा पाय होता. ज्या जागी तो पडला, बरोबर त्याच जागी ती आता बसली होती, आणि समोर ती करडी फरशी. एवढी वर्षं जिंकले जिंकले म्हणून मिरवलं, ते हे. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण परक्या माणसासमोर रडणं तिला कधी जमलं नव्हतं.

तो निघताना म्हणाला, "संध्याकाळी लिहून देतो. एकेक काम वेगळं लिहीन. पटलं तर सांगा."

तेवढ्यात हसरा ठेकेदार ॲडव्हान्स न्यायला आलाच. निम्मीनं त्याला फुटलेली फरशी दाखवली आणि विचारलं, "आपण ठरवलेल्या भावात तुम्ही हे सगळं फोडणार आहात का?"

"फोडायची काय गरज, ताई? वरून चिकटवू. एकदम नवं दिसेल."

"आणि तळापर्यंत फोडून, वॉटरप्रूफिंग करून, ढाळ काढून हवं असेल तर?"

तो मनापासून हसला. "मग त्या भावात कसं बसेल? तुम्ही भाव मागितला, मी भाव दिला. ढाळ कुठे मागितलात तुम्ही?"

खोटं काय बोलला तो? काहीच नाही. निम्मीला त्याचा रागसुद्धा आला नाही. तिनं त्याला चहा दिला, त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि वाटेला लावलं.

दुपारी ती लेकीकडे गेली. नवरा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. लेक कामावर, घरात दोघंच. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिला वाटलं आता लांबण लावली तर बोलणंच व्हायचं नाही.

"अहो, तुम्ही माझ्यामुळे पडलात."

त्यानं मान वळवली.

"बाथरूम केली तेव्हा मी भाव पाडला ना, त्यानं जुनी फरशी फोडलीच नाही. वरून चिकटवली. उतार उलटा दाराकडे. आज फोडून बघितलं. मी एवढं मिरवलं सगळ्यांत, आणि..." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर हमसून हमसून रडली.

त्यानं उशाजवळचा नॅपकिन तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

तिनं डोळे पुसायचं थांबवून बघितलं.

"तू कामावर जायचीस. मी सुट्टी काढून घरी होतो, आठवतं? तो म्हणाला, साहेब, बाईंनी ठरवलेल्या पैशांत फरशी बसेल, फोडकाम नाही बसायचं. थोडे वाढवून देता का? संध्याकाळी तुला सांगणार, तर तू बाहेरच्या खोलीत तुझ्या बहिणीशी फोनवर बोलत होतीस. इतकी खूश होतीस, निम्मे! म्हटलं, कशाला हिचा विरस करायचा. आणि खरं सांगू? पैसे वाचतायत म्हणून मलाही बरंच वाटलं. म्हटलं, चिकटव बाबा."

"एकदा तरी सांगायचं होतं!"

"पहिल्याच अंघोळीला पाणी दारात आलं. म्हटलं, पुसू, काय एवढं. म्हणून तर सकाळी तुझ्या आधी उठून रात्रीचं साचलेलं पुसायचो. त्या दिवशी फडकं धुवायला टाकलेलं, वाळलंच नव्हतं."

दिवसाचं पाणी तीही पुसायची, पण तिला वाटायचं, सकाळी दार कोरडं असतं कारण रात्री कोणी बाथरूम वापरलेली नसते. इतकी वर्षं हा माणूस गुपचूप ओणवा होऊन दार पुसत होता, तिच्या जिंकण्याला ओल लागू नये म्हणून. तिला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठी मारावीशी वाटली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आपण दोघं मूर्ख आहोत," ती म्हणाली.

"आहोतच," तो म्हणाला. "पण आता नीट कर. घासाघीस सोडू नकोस हं, नाहीतर पैसे पुरायचे नाहीत. फक्त कुठे घासायचं ते बघ." पडल्यापासून पहिल्यांदाच तो एवढं बोलला होता.

संध्याकाळी मिस्त्रीचं कोटेशन आलं. दोन पानी, प्रत्येक काम वेगळं, मजुरी वेगळी, सामान वेगळं. एकूण आकडा हसऱ्या ठेकेदाराच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिच्या जवळच्या पैशांपेक्षाही बराच वर. दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं, चष्मा लावला, आणि भांडारातली बाई जागी झाली. पण या वेळी तिनं "निम्म्यात" म्हटलं नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत गेली.

"भिंतींना छतापर्यंत टाईल्स कशाला? पाणी उडतं तिथे उंच लावा. बाकी खांद्याएवढ्या, वर ओल सोसणारा रंग."

मिस्त्रीनं आठी घातली, हिशेब केला, ओळ खोडली.

"टाईल्सची तूटफूट म्हणून एवढ्या जादा धरल्यात? साध्या चौकोनी टाईल्स आहेत, तिरप्या नाही बसवायच्या. याच्या निम्म्या पुरतील." निम्म्या हा शब्द आलाच शेवटी. "आणि भिंतीच्या टाईल्स मी दुकानात शिल्लक पडलेल्या मालातून घेते, रंग कुठला का असेना. फरशी मात्र न घसरणारीच, ती तुम्ही सांगाल ती."

"बरं."

"नळ, शॉवर, आधाराचे दांडे मी स्वतः आणते. यात तुम्ही दुकानाचं कमिशन धरलंय ना?"

मिस्त्री पहिल्यांदाच जरा ओशाळला. "सगळेच धरतात, बाई."

"धरा की, पण माझ्याकडून नको."

"मग नळ बिघडला तर माझी जबाबदारी नाही."

"नळाची नाही. जोडाची आणि गळतीची तुमची. लिहून द्या."

त्यानं लिहिलं. जुनं बेसिन चांगलं होतं, तेच परत बसवायचं ठरलं. दार मात्र रुंद करायचं, वॉकर जाईल एवढं, आणि बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडायला नको. स्वयंपाकघराच्या ओट्याचं नाव तिनं स्वतःच काढलं नाही. त्यानं मोठा ॲडव्हान्स मागितला, तर तिनं विचारलं, "सामानाला हवाय ना? सामानाचे पैसे मी थेट दुकानात भरते, तुमच्या खिशाला झळ नको. मजुरी टप्प्याटप्प्याने, टप्पा झाला की त्याच संध्याकाळी, एक दिवसही थांबवणार नाही. माझं बिल कधी कुणाचं अडकलं नाही, कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. त्या बदल्यात मजुरीत काय सोडता?" शाळांची कामं सुट्टीत असतात, सध्या त्याची माणसं बसून होती, हेही तिनं शिक्षिकेकडून काढून घेतलं होतं, आणि तेही त्याला ऐकवलं. मिस्त्रीनं कागद पुढे ओढला आणि मजुरीचा आकडा खाली आणला.

आता दोनच ओळी उरल्या. तळापर्यंत फोडकाम आणि राडारोडा उचलणं ही एक. वॉटरप्रूफिंग आणि ढाळ ही दुसरी. सगळ्यात जड आकडे त्यांचेच. तिची बोटं तिथे थांबली. सवय किती वाईट असते बघा, तिच्या ओठांपर्यंत शब्द आला होता.

मिस्त्रीच्या ते लक्षात आलं. "बाई, या दोन्ही—"

"यांना मी हात लावत नाही," ती म्हणाली. "उलट विचारते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी किती वेळ उभं करून ठेवणार?"

"चोवीस तास ठेवतात लोक."

"दोन दिवस ठेवा. खालच्या बाईंचं छत बघितल्याशिवाय एक टाईल लावायची नाही. त्या टप्प्याचे पैसेही छत बघितल्यावरच. आणि शेवटचा दहावा हिस्सा हे घरी येऊन महिनाभर वापरतील तेव्हा."

"मान्य," तो म्हणाला, आणि घामाने भिजलेला रुमाल काढून त्यानं कपाळ पुसलं. सगळं जुळवून आकडा तिच्या पैशांत बसला. अगदी काठावर, पण बसला.

काम सुरू झालं. ती रोज धुळीत स्टूल टाकून बसायची. करडी फरशी निघाली तेव्हा तिचा एक तुकडा ठेवावा असं क्षणभर वाटलं, मग तिनं तो स्वतःच्या हाताने राडारोड्याच्या पोत्यात टाकला. दांड्यांसाठी मिस्त्रीनं भिंतीत पक्के बोल्ट घातले आणि स्वतः त्यांना लोंबकळून दाखवलं. तो केवढा जाडा! दांडा हलला नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी उभं राहिलं. दुसऱ्या संध्याकाळी शिक्षिकेच्या बाथरूममध्ये तिघंही माना वर करून उभे होते. जुना डाग होता, पण नवी ओल नव्हती. शिक्षिकेनं स्टुलावर चढून हात फिरवून पाहिला. "कोरडं," ती म्हणाली, आणि निम्मीचा हात धरला. इतकी वर्षं रंगाचे पैसे तिनं भरले होते, तेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. या खेपेचा रंग निम्मीनं स्वतःच्या माथी घेतला, आणि त्यात घासाघीस केली नाही.

नवरा घरी आला. वॉकर आत सहज गेला, दारात पायरीच नव्हती. फरशी दारापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत हलकीशी उतरत गेलेली, डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाही. भिंतीच्या टाईल्स उरलेल्या मालातल्या, फिक्या हिरव्या, फारशा शोभणाऱ्या नव्हत्या. तो बघून म्हणाला, "रंग मात्र दवाखान्याचा आणलास." ती म्हणाली, "निम्म्या भावात मिळाल्या."

तो हसला. मग त्यानं दार लावून घेतलं.

निम्मी बाहेर उभी राहिली. हातात सवयीने फडकं घेतलेलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, दांड्यावर हात आपटल्याचा, मग पाण्याचा. पाणी जोरात पडत होतं. काहीतरी खाली पडलं, धप्पकन. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"काय झालं? येऊ का?"

"साबण पडला! आत येऊ नकोस हं, मी माझं बघतो."

आणि थोड्या वेळाने, आधी घसा खाकरत, मग जरा मोकळ्या आवाजात, त्यानं गाणं सुरू केलं. तेच बेसूर गाणं. निम्मी खाली बसली आणि दाराच्या फटीपाशी तिनं हात ठेवला. पाणी कुठल्याही क्षणी येईल म्हणून ती वाट बघत राहिली.

गाणं संपलं, नळ बंद झाला. तिचा हात कोरडाच होता.

ती जरा मागे सरकली, दार बाहेर उघडलं. ओले केस, वॉकर, आणि लाल झालेला चेहरा. त्यानं खाली बघितलं, ती दारात फडकं घेऊन बसलेली.

"ऊठ आता," तो म्हणाला. "पुसायला काही नाही."

तिनं ते कोरडं फडकं डोळ्यांना लावलं.